युवराजाच्या आईचा हुकूम

प्रधानाने चालवलं नाही ते राज्य, मास्तर. तुम्ही भर वर्गात तसं सांगितलंत, फळ्याकडे तोंड करून, हातातला खडूसुद्धा न थांबवता, आणि अख्खा वर्ग माझ्याकडे बघून हसला. मी विचारलं होतं एवढंच, की राजा मेला आणि मुलगा अजून रांगतोय, तर तो मोठा होईपर्यंत राज्य कोण चालवतं? तुम्ही म्हणालात, ‘प्रधान. खाली बस.’ वर आणखी म्हणालात, ‘राण्या काय करायच्या ते तुझ्या आईला विचार, तिला फोडण्या माहीत असतील.’ आज पंचाहत्तरी उलटल्यावर मला कळतंय, की उत्तर चुकीचं होतं. नुसतं चुकीचं असतं तरी सोडलं असतं. माणूस चुकतो, मास्तरही माणूसच. पण पुढे खरं काय ते डोळ्यांनी बघूनही तुम्ही ती चूक सुधारली नाहीत, त्याचा राग आहे.

नमस्कार करायचा राहिला. केला असं समजा. मी ती चौथीतली, तांबट आळीतली, शेवटच्या बाकावरची. चौथीनंतर शाळेत दिसले नाही, त्यामुळे तुमच्या लक्षात असायचं काही कारण नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमची शाळा होती तिथे आता मोबाइल दुरुस्त करतात आणि वर क्लास चालतो. माझं अक्षर अजून तसंच आहे, शुद्धलेखनाला लाल शाई काढू नका. पुढची सगळी विद्या मी रद्दीच्या पेपरात मिळवली. भांडी बांधायला पेपर लागायचे, बांधायच्या आधी वाचून काढायचे.

माझे वडील गेले तेव्हा मी दुसरीत होते आणि भाऊ चालायलाही लागला नव्हता. आमच्याकडे तांब्याचं काम. पत्रा कापायचा, भट्टीत तापवून मऊ करायचा, ठोकून आकार द्यायचा आणि शेवटी मठारायचा, म्हणजे हातोडीने सबंध अंगावर एकसारख्या टिकल्या पाडायच्या. त्याने भांडं दिसतं छान आणि पत्रा टणक होतो. बंब, घंगाळं, हंडे, कळश्या. ठोकायला दोन कारागीर होते, ते राहिले. बाकी सगळं आईकडे आलं. बाई माणूस ऐरणीवर बसत नाही, हा आमच्या आळीचा कायदा, पण ऐरण सोडून जे काही होतं त्याला कायदा नव्हता. म्हणजे ते काम कोणी धरतच नव्हतं. मोडीत आलेलं तांबं पारखायचं, त्यात पितळ मिसळलंय का ते घासून बघायचं, आटवताना घट किती जाईल ते आधी सांगायचं, पत्र्याच्या व्यापाऱ्याशी भांडायचं, तयार भांडी चिंचेने घासून लखलखीत करायची आणि गिऱ्हाइकाला पटवायचं की शेजारच्या दुकानातला बंब पहिल्याच थंडीत गळणार. हे सगळं ती करायची. आणि दुकानावरच्या पाटीवर वडिलांचं नाव खोडून नवं नाव घातलं ते भावाचं. भावाला तेव्हा स्वतःचं नाव उच्चारताही येत नव्हतं. तो मालक.

तुम्ही आमच्या दुकानात आला होतात, मास्तर. त्या हसण्यानंतर थोड्याच दिवसांनी, थंडीच्या सुरुवातीला, बंब घ्यायला. टोपी काढून हातात घेतलीत, पाटी वाचलीत आणि आईला विचारलंत, ‘मालक कुठे गेलेत?’ आई चिंचेच्या हातांनीच उठली आणि तिने कोपऱ्यात बोट दाखवलं. मालक पत्र्याच्या तुकड्याशी खेळत होते, आणि खाली काही घातलेलं नव्हतं. तुम्ही हसलात. मग तिच्याशी तासभर भाव केलात, तिने एक पैसा सोडला नाही. शेवटी बंब उचलताना तुम्ही भावाच्या गालाला हात लावून म्हणालात, ‘काय मालक, देऊन टाकू ना एवढे?’ मी दाराआड उभी होते. मला वाटलं, आता मास्तर उद्या वर्गात सांगतील की मी चुकलो, प्रधान नाही, आई चालवते. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुढचा धडा घेतलात.

हे सगळं मी कधीच विसरून गेले असते. माणसाला आयुष्यात मास्तरांपेक्षा मोठे त्रास असतात. आठवायचं कारण माझी नात. ती इतिहास शिकली. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, हिंजवडीला कंपनीत आहे. त्याच्या मते इतिहास हा विषय म्हातारपणी घ्यायचा असतो. ती बिबवेवाडीत माझ्याकडे राहते, कारण तिची शाळा इथून चालत आहे. खाजगी शाळा. नोकरी वर्षावर्षाच्या कराराची, मार्चमध्ये ठेवायचं की घालवायचं ते ठरतं. सहावीला इतिहास शिकवते आणि रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून उद्याचा धडा मलाच सांगून बघते. मी भाजी निवडते. मी हुं म्हटलं की तिला वाटतं मुलांना कळलं.

एकदा ती वाकाटकांवर आली. नागपूरकडचे राजे, सोळाशे वर्षांपूर्वीचे. पुस्तकात त्यांच्या एका राणीबद्दल एक ओळ आहे: मोठ्या गुप्त सम्राटाची मुलगी, वाकाटकांच्या राजाला दिली. झालं. म्हटलं, पुढे? ती म्हणाली, ‘पुढे पुस्तकात काही नाही आजी. खरं तर पुढेच सगळं आहे. राजा लवकर वारला. मुलगे लहान.’ माझा हात भाजीवरच थांबला. मी विचारलं, आणि मास्तर, शपथेवर सांगते, मला तेव्हा तुमची आठवणही नव्हती, तो प्रश्न आपोआप आला. ‘मग राज्य कोणी चालवलं? प्रधानाने?’ पोरगी म्हणाली, ‘नाही गं. तिनेच.’

त्याचा पुरावा म्हणाल तर तांब्याचा आहे. म्हणजे आमच्या खात्यातला. पूर्वी राजाने कोणाला गाव दान दिलं की ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून द्यायचे, पत्र्यांना भोक पाडून कडी घालायची आणि त्यात मुद्रा अडकवायची. त्या राणीने दिलेल्या हुकमाचे असे दोन पत्रे सापडले, आणि कुठे सापडले? आपल्या पुण्यात. एका तांबटाच्या घरी. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ठेवा म्हणून जपलेले, मूळचे नगरकडचे. मी नातीला म्हटलं, तुला या गोष्टीतलं खरं आश्चर्य कळलेलं नाही. तांबटाच्या घरात जुनं तांबं हे भट्टीत जायलाच येतं. लोक पणजीचा हंडा आणून टाकतात, वर नावं कोरलेली असतात, अमकीच्या लग्नात तमक्या मामाने दिला. आम्ही नाव वाचत नाही, वजन बघतो. किती बायकांची नावं आमच्या भट्टीने आटवली असतील त्याचा हिशेब नको. त्या घरात कोणीतरी कधीतरी हातात पत्रा घेऊन म्हणालं असणार, हा नको आटवायला. वाचता येत नसताना. ते कोण होतं हे कोणाला माहीत नाही.

त्या पत्र्यावर काय आहे ते तिने मला वाचून दाखवलं. राणी राजधानीतून गावच्या कुणब्यांना आणि ब्राह्मणांना कळवते, आधी त्यांचं कुशल विचारते आणि मग सांगते, की कार्तिकातल्या बारशीला देवाच्या पायाशी वाहून हे गाव आम्ही अमक्या आचार्याला दिलं आहे, त्याची आज्ञा पाळा. गावाच्या चारी दिशांना कोणकोणती गावं ते सांगितलंय. मग सवलती: शिपायांनी या गावात शिरायचं नाही, फिरतीवरच्या अंमलदारांना गवत, बसायला कातडी आणि कोळसा पुरवायची सक्ती नाही. हे ऐकून मला बरं वाटलं. गावात साहेब उतरला की कोळसा कोणाच्या घरातून जातो हे ज्या बाईला माहीत होतं, तिने राज्य नुसतं सांभाळलेलं नाही, चालवलंय. आणि हे तिच्या कारभाराचं तेरावं वर्ष. मुद्रेवर काय कोरलंय? ‘युवराजाच्या आईचा हुकूम, शत्रूला धाकात ठेवणारा.’ मुलाचं नाव पुढे आहे खरं. पण कुळ सांगताना तिने सासरचं सांगितलेलं नाही. आपल्या बापाचं, आजाचं, पणजाचं सांगितलंय, आईचं माहेर सांगितलंय, गोत्रही बापाचंच लावलंय. नवरा येतो तो अगदी शेवटी, मी त्यांची पट्टराणी होते म्हणून. पुढे धाकटा मुलगा गादीवर बसल्यावरही बाईने स्वतः दान दिल्याचे पत्रे आहेत. म्हणजे मुलगा मोठा झाला म्हणून ही पळीपंचपात्र घेऊन गप्प बसली असंही नाही.

मी म्हटलं, असल्या आणखी किती? पोरगी पेटलीच. जुन्नरच्या पुढे नाणेघाट आहे ना, कोकणातून वर यायची जुनी वाट, व्यापाऱ्यांच्या तांड्यांची? तिथल्या गुहेत सातवाहनांच्या राणीचा मोठा लेख आहे. मागे एकदा मला तिथे नेलं होतं तिने, अर्ध्या वाटेवर मी तिला शिव्या दिल्या होत्या. नवरा गेलेला, मुलं लहान, आणि तिने केलेल्या यज्ञांची नि दक्षिणेची यादी भिंतभर: गाई, घोडे, हत्ती, नाणी. महिना महिना उपास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी, यज्ञकर्मात पटाईत असं तिचं वर्णन. पण त्या लेखात जिथे तिचं नाव असायचं तिथेच दगड झडलाय. नाव कळतं ते राजघराण्याच्या मूर्तींवर एकेक ओळ कोरली होती त्यावरून, आणि त्या मूर्तींच्या जागी आता पावलांच्या खुणा. मी त्या दिवशी तिथे बसून लाडू खाल्ला होता. कोणाच्या पायाशी बसले होते ते आज कळलं. जुन्नर गावात त्या काळी भिक्षुणींचं राहायचं ठिकाण होतं, लेण्यातल्या लेखात तशी नोंद आहे. आणि सांचीच्या स्तूपाला ज्यांनी दान दिलं त्यांच्यात एक भिक्षुणी अशी आहे, की तिच्या नावापुढे पदवी लावलीय: सुत्तं जाणणारी. म्हणजे बुद्धाची सूत्रं मुखोद्गत असलेली. बाईच्या नावापुढे विद्येची पदवी, दोन हजार वर्षांपूर्वी, दगडात. तुम्ही मात्र आम्हाला सांगितलंत की मुली शिकायला लागल्या त्या आत्ता आत्ता.

मला सगळ्यांत आवडली ती मिसर देशातली, म्हणजे इजिप्तमधली, नऊशे वर्षांपूर्वीची दलालीण. ज्यू बाई, नवऱ्याशी काडीमोड झालेली, हिंदुस्थानच्या व्यापारात भागीदारीने भांडवल घालायची. ती कळली कशी, तर त्यांच्या देवळात अशी चाल होती की ज्या कागदावर देवाचं नाव आहे तो फाडायचा नाही, जाळायचा नाही, एका खोलीत टाकून द्यायचा. देवाचं नाव म्हणून टाकलेले कागद आणि त्यात हिचं मृत्युपत्रही. माझ्या अंत्ययात्रेला खर्च किती करायचा, मुलाला शिकवायचं कोणाकडून, सगळं सांगून गेली. म्हटलं, ही आमच्या आळीतलीच.

नातीने हे सगळं सहावीला दोन तास शिकवलं, पुस्तक मिटून. मुलं खूश. मग सहामाहीच्या पेपरात हिने एक प्रश्न घातला. एक मार्काचा. ‘वाकाटक राजाच्या मृत्यूनंतर युवराज लहान असताना राज्यकारभार कोणी पाहिला?’ बहुतेक मुलांनी लिहिलं, त्याच्या आईने. एका मुलाने लिहिलं, राजाच्या मुलाने. हिने चूक दिली. त्याचा बाप शाळेत आला. हिला बोलावणं आलं, आणि मोठ्या बाईंनी निरोप दिला, घरातलं कोणीतरी मोठं माणूस घेऊन ये. सव्वीस वर्षांची घोडी, एम.ए. झालेली, स्वतः मास्तरीण. नोकरी लागताना हिच्या बापाने शब्द टाकला होता म्हणे, म्हणून बापाला बोलावलं. बापाची मीटिंग होती. मी गेले.

मोठ्या बाईंच्या खोलीत पंखा गरगरतोय, खालून पोरांचा ओरडा येतोय. मुलाचा बाप गळ्यात कंपनीचा पट्टा घालून बसलाय. मला बघून अर्धवट उठल्यासारखं करून परत बसला. म्हणाला, ‘मॅडम, माझा इश्यू सिंपल आहे. आन्सर बुकमध्ये आहे का? नाही ना? मग मुलाने काय करायचं, गेस? त्याचा फर्स्ट रँक एका मार्काने गेला.’ नात म्हणाली, ‘सर, मी वर्गात शिकवलं होतं. तो त्या दिवशी हजर होता.’ तो म्हणाला, ‘शिकवलं असेल, पण ते सिलॅबस नाही. उद्या तुम्ही काहीही शिकवाल.’ मी खुर्ची पुढे ओढली. म्हटलं, ‘मुलगा केवढा आहे आपला?’ म्हणाला, ‘अकरा.’ म्हटलं, ‘मग उद्यापासून कंपनीत तुमच्या खुर्चीवर त्याला बसवा. तुमच्या मागे कारभार मुलगाच बघतो असं तुमच्याकडचं उत्तर आहे ना? अकरा म्हणजे पुष्कळ झाले, तो राजपुत्र तर दुपट्यात होता.’ नातीने माझा पदर ओढला. तो म्हणाला, ‘आजी, आपण मध्ये पडू नका.’ म्हटलं, ‘मध्ये नाही पडले, मला रीतसर बोलावलंय. मोठं माणूस म्हणून.’

मोठ्या बाई वाईट नाहीत. हे लिहायलाच हवं, कारण मला त्यांना वाईट म्हणायचं होतं आणि जमलं नाही. माझ्या लेकीच्या वयाच्या, डोळ्यांखाली काळं, टेबलावर डबा अर्धवट उघडा. तो बाप गेल्यावर त्या नातीला म्हणाल्या, ‘मला माहीत नाही का गं ती राणी? मीही इतिहासच शिकले. पण पेपर पुस्तकातूनच निघाला पाहिजे. आज हा आलाय, उद्या दहा येतील. आणि खरं सांगू, निम्म्या मुलांनी आई लिहिलं ते तू शिकवलंस म्हणून नाही, घरी आईच सगळं बघते म्हणून. तो इतिहास नाही, अंदाज आहे.’ ते मला लागलं, कारण तुमच्या वर्गात प्रश्न विचारताना माझ्या मनातलं उत्तरही अंदाजच होतं. घरी बघून. मग बाईंनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. त्यात दोनच वाक्यं. पहिलं, की पाठ्यपुस्तकाबाहेरचा प्रश्न विचारला ही माझी चूक झाली. दुसरं, की सदर प्रश्नाचं बरोबर उत्तर ‘राजाचा मुलगा’ असं धरून गुण देण्यात येतील. खाली सही.

नातीने कागद दोनदा वाचला. म्हणाली, ‘पहिल्या वाक्याखाली सही करते, बाई. बाहेरचा विचारला हे खरं आहे. दुसऱ्याखाली नाही करता येणार.’ बाई म्हणाल्या, ‘दोन्ही एकाच कागदावर आहेत.’ ती म्हणाली, ‘मग प्रश्नच रद्द करा, सगळ्यांना एकेक मार्क द्या.’ बाई म्हणाल्या, ‘ते मी त्याच्या वडिलांना आधीच विचारून बघितलं. रद्द केला तर त्याला एक मिळतो, पण पहिल्या आलेल्याचाही तसाच राहतो. मग दोघे बरोबरीत, आणि ते त्यांना नको.’ हे ऐकून मला हसू आलं, बाईंनाही आलं असावं. सोमवारपर्यंत कळव म्हणाल्या. मार्चमध्ये करार संपतो हे म्हणाल्या नाहीत. म्हणायची गरज नव्हती.

येताना आम्ही रिक्षा केली नाही, चालत आलो. मी म्हटलं, दोन ओळींचा कागद तो, तो फायलीत जाईल, कोण वाचणार आहे? ती म्हणाली, ‘आजी, ज्या मुलांनी आई लिहिलं त्यांचा मार्क मला माझ्या हाताने कापावा लागेल. परत गठ्ठा घेऊन. लाल पेनाने. बरोबरवर फुली मारायची.’ मग थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, ‘त्यांना मी काय सांगू? प्रधानाने चालवलं?’ तेव्हा मला तुम्ही आठवलात, मास्तर. टोपीसकट. आमच्या दुकानाच्या पायरीवर उभे, बंब काखेत. तुम्हालाही तेव्हा कोणी असा कागद पुढे सरकवला होता का? की तुम्ही न मागताच सही केलीत?

आईला मी पुढे एकदा विचारलं होतं, लग्न होऊन मला मुलं झाल्यावर, की पाटीवर तुझं नाव का नाही घातलंस? ती म्हणाली, ‘बाईच्या नावावर पत्रा उधार कोण देईल? आणि विधवेच्या नावाचा बंब लग्नाच्या रुखवतात कोण मांडेल? पाटी लोकांसाठी असते गं. हुकूम माझाच होता ना?’ मला तेव्हा ते पटलं होतं. शहाणपणाचं वाटलं. आता वाटतं, राणीने निदान ‘युवराजाची आई’ एवढं तरी मुद्रेवर घातलं. माझ्या आईने तेवढंही नाही घातलं. भाऊ मोठा झाला, मिशा आल्या, गल्ल्यावर बसला आणि आल्या-गेल्याला सांगायचा, ‘हे सगळं मी लहानपणापासून बघतोय.’ पाटीप्रमाणे ते खरंच होतं. आई आत चिंच भिजत घालायची. तिला राग आला असेल असं तिच्या तोंडावर मला कधी दिसलं नाही, आणि मीही तोंड निरखायला थांबले नाही. मला माझा संसार होता.

आज रविवार. सकाळी मुलाचा हिंजवडीहून फोन आला. स्पीकरवर ठेवला होता, कारण माझे हात पिठात होते. म्हणाला, ‘आई, मी मोठ्या बाईंशी बोललोय. सांगितलं, ती सही करून देईल, डोन्ट वरी. तूही तिला जरा समजाव. एका मार्कासाठी नोकरी घालवतात का?’ नात समोरच कपड्यांना इस्त्री करत होती. तिने मान वर केली नाही. इस्त्री मात्र एकाच जागी जरा जास्त वेळ राहिली. मी विचारलं, ‘तिला विचारलंस का, बोलायच्या आधी?’ तो म्हणाला, ‘त्यात काय विचारायचं? मी तिचा बाप आहे.’ मग त्याला दुसरा फोन आला.

खरं सांगू का, मास्तर? त्याचं बोलणं ऐकून मला आधी बरं वाटलं. हायसं वाटलं. ही इथेच राहील, पगार येईल, संध्याकाळी समोर बसून धडा म्हणेल. मनात मी तिच्या वतीने सही करून मोकळीसुद्धा झाले होते. सोळाशे वर्षांपूर्वीच्या बाईसाठी माझं पोर घरी बसावं एवढी मी काही थोर नाही. हे पत्र मी तुम्हाला रागाने लिहायला घेतलं होतं, आणि लिहिता लिहिता कळलं की तुमच्या बाजूच्या बाकावर मीच येऊन बसलेय. असो. हे टपालात टाकत नाही. तुम्ही जिथे आहात तिथे वाटायला पोस्टमन नाही, आणि मला तुमचं उत्तर नकोच आहे.

दुपारपासून दाराची कडी लावून ती आत बसलीय. मोठ्या बाईंचा फोन परत येईल, मुलाचाही येईल. मी दोघांना सांगणार आहे तेच तुम्हालाही सांगते. बापाने बोलायचं नाही. मोठ्या बाईंनी मला विचारायचं नाही. मी तोंड घालायचं नाही. तुम्ही तर नाहीच नाही. उत्तर तिने द्यायचं.